दोन हजार किलोला पत्रा किती? माझं पहिलं कॉस्ट शीट

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये अकाउंट्सला लागलो, तेव्हा पहिलंच कॉस्ट शीट ५,००० ब्रॅकेटच्या ऑर्डरचं होतं. एक नग ४०० ग्रॅमचा, म्हणजे तयार माल २,००० किलो. ब्लँक कापून झाल्यावर पत्र्याची भोकाभोकांची जाळी उरते. ती २० टक्के धरायची, असं ठरलेलं होतं.

मी २,००० मध्ये २० टक्के मिळवून २,४०० किलो पत्रा लिहिला. स्टोअरच्या काकांनी कागद बघितला आणि म्हणाले, "अरे, एवढ्यात ४,८०० नगच निघतील." खरंच होतं. घट मशीनवर चढवलेल्या पत्र्यावर मोजतात, तयार मालावर नाही. २,४०० चे २० टक्के गेले की १,९२० किलोच उरतात. म्हणून २,००० ला ०.८० ने भागायचं, पत्रा २,५०० किलो. तेव्हापासून मी प्रत्येक शीटवर उलटा हिशोब करून नगांची संख्या जुळते का ते बघतो.

७० रुपये किलोने पत्रा १,७५,००० चा झाला. ५०० किलो जाळी ३० रुपयांनी भंगारात जाणार, ते १५,००० तिथेच वजा केले. ही रक्कम इतर उत्पन्नात दाखवली तर मालाचा खर्च फुगतो आणि दर उगाच चढतो. निव्वळ माल १,६०,००० चा. त्यात मजुरी ३०,००० धरून मूळ खर्च १,९०,००० झाला. कारखान्याचा वरखर्च २२,०००, ऑफिसचा ८,००० आणि विक्रीचा ५,००० मिळवून एकूण २,२५,०००, म्हणजे नगाला ४५ रुपये.

मालकांना विक्री किमतीवर २० टक्के नफा हवा होता. ४५ वर २० टक्के चढवले तर ५४ येतात, पण ५४ मधले ९ रुपये म्हणजे विक्रीच्या १६.६७ टक्केच. विक्री १०० धरली की खर्च ८० आणि नफा २०, म्हणजे खर्चावर चौथा हिस्सा. नगाला ११.२५ नफा आणि दर ५६.२५ रुपये. ५४ ने कोटेशन गेलं असतं तर या एका ऑर्डरमागे ११,२५० रुपये कमी आले असते.

काम संपल्यावर भंगाराच्या काट्याची पावती मी मुद्दाम मागून घेतली. ५०० ऐवजी ५३७.५ किलो! ढिगात वाकडे कापलेले ब्लँक सापडले. डाय सरकली होती आणि ७५ नग गेले होते. ते भरून काढायला ३७.५ किलो जादा पत्रा काढावा लागला, त्याची ७.५ किलो जाळीही ढिगात आली, पण ही असाधारण घट, तिला कॉस्ट शीटमध्ये जागा नाही. नुसता माल धरला तर १,६०,००० भागिले २,०००, म्हणजे तयार मालाच्या किलोला ८० रुपयांनी ७५ नगांच्या ३० किलोचे २,४०० होतात. त्यातून भंगाराचे ९०० वजा करून १,५०० रुपये मी कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला टाकले. नगाचा खर्च ४५ रुपयेच राहिला.