सतरा पट कॅल्शियम ते एक चमचा: आमची वाटचाल

२०१९ च्या पावसाळ्यात एका ताईंचा फोन आला. आमच्या शेवग्याच्या गोळ्यांची बाटली त्यांनी सासूबाईंसाठी मागवली होती. त्या म्हणाल्या, “आईंची शुगरची गोळी परवापासून बंद केली आहे. आता तुमच्या गोळ्या दिवसातून किती वेळा द्यायच्या?”

माझ्या हातापायातलं त्राण गेलं. डॉक्टरांची गोळी आजच्या आज पुन्हा सुरू करा आणि त्यांना फोन करून सगळं सांगा, एवढंच मी दोन-तीनदा सांगितलं. सासूबाईंना काही त्रास झाला नाही. पण ताईंचं एक वाक्य मनातून जाईना: “तुमच्या पत्रकावर लिहिलंय ना, मधुमेह मुळापासून दूर.”

ते वाक्य मीच लिहिलं होतं.

बार्शीजवळ आमची पाच एकर शेवग्याची बाग आहे, पीकेएम-१ वाणाची. शेंगांचा भाव पडला तेव्हा, २०१७ मध्ये, दीर आणि मी पाला वाळवून पावडर करायला लागलो. पुढे गोळ्याही काढल्या. पत्रक लिहिताना बाजारातली चार पत्रकं समोर ठेवली आणि त्यातले सगळे जोरदार शब्द उचलले: महाराष्ट्रात नंबर १, डॉक्टरांनी शिफारस केलेलं, दुधापेक्षा १७ पट कॅल्शियम, आणि खाली आजारांची यादी. ताईंचा फोन आला त्या रात्री मी बाटली हातात घेऊन पाहिली. मागच्या लेबलवर नियमानुसार छापलेलं होतं की हे औषधी वापरासाठी नाही. आणि त्याच बाटलीसोबत जाणारं पत्रक मधुमेह बरा करत होतं.

आजारांची यादी दुसऱ्याच दिवशी काढली. पत्रकं जाळली, वेबसाइटवरचा मजकूर उतरवला. नंतर एका जाणकार सल्लागारांनी कायदा समजावून सांगितला. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा असे ५४ आजार आणि विकार आहेत आणि ते बरे करण्याची जाहिरातच करता येत नाही. आम्ही म्हणायचो, आमचं तर अन्न आहे. पण रोग बरा होतो असं म्हटलं की वस्तू औषधाच्या व्याख्येत जाऊ शकते. शिवाय अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. आमच्यासारख्याचा धंदा तिथेच बसला असता.

यादी काढल्यावरही दावे शिल्लक होते, फक्त ते मला दावे वाटत नव्हते. ग्राहकांचे व्हॉट्सअॅप अनुभव आम्ही फोटो काढून टाकायचो. “शुगर २४० वरून १३० वर आली” हे ग्राहकाचं बोलणं, आपलं नाही, असा माझा समज. पण जाहिरातीत छापलं की ते आपलंच बोलणं होतं. तसंच ग्लुकोमीटरचा फोटो, पोट आत गेल्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि ऑनलाइन विक्रीत शोधशब्द म्हणून भरलेला ‘मधुमेह’. हे सगळं काढलं. ‘डॉक्टरांनी शिफारस केलेलं’ हेही २०१८ च्या दाव्यांच्या नियमांत बसत नाही. ‘नंबर १’ कोणी मोजलं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतंच.

सर्वांत जड गेलं ते १७ पट कॅल्शियम, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. आमच्या पावडरच्या रिपोर्टमध्ये १०० ग्रॅमला १,९०० मिलिग्रॅम कॅल्शियम आलं होतं. गाईच्या दुधात १०० मिलीला साधारण १२० असतं. भागाकार केला की १५-१६ पट येतंच. मग अडचण कुठे?

दीरांनी ती एका वाक्यात दाखवली: “वहिनी, आपण ८ किलो पाला तोडतो तेव्हा १ किलो पावडर होते. दूध पण आटवून बघा की.” दुधाची पावडर घेतली तर तिच्यात १०० ग्रॅमला ९०० च्या आसपास कॅल्शियम असतं. म्हणजे कोरड्याशी कोरडं तोललं तर १७ पटीचं दुप्पट उरलं. आणि १०० ग्रॅम शेवगा पावडर खातं कोण? आमच्या चमच्यात ५ ग्रॅम बसते. त्यातून मिळतं ९५ मिलिग्रॅम. एक पेला, २०० मिली दुधातून मिळतं २४०. आमचं पत्रक वाचून कोणी मुलाचं दूध बंद करून चमचाभर पावडर दिली असती, तर त्या मुलाला निम्म्याहूनही कमी कॅल्शियम मिळालं असतं. आकडा जवळपास खरा असूनही वाचणाऱ्याची फसवणूक होत होती. मला हे त्या मधुमेहाच्या वाक्याइतकंच लागलं.

‘कॅल्शियम भरपूर’ हा शब्द १०० ग्रॅमच्या हिशोबाने आम्हाला मिळत होता. मोठ्या माणसाची रोजची गरज १,००० मिलिग्रॅम धरतात आणि ‘भरपूर’ म्हणायला तिच्या ३० टक्के लागतात. पण चमच्यातून साडेनऊ टक्केच मिळतात, म्हणून आम्ही तो शब्द सोडला. नवीन पत्रकावर लिहिलं: “एका चमच्यात ९५ मिलिग्रॅम कॅल्शियम, रोजच्या गरजेच्या सुमारे साडेनऊ टक्के. दूध, नाचणी, तीळ चालू ठेवा, त्यात ही भर.”

एवढ्यावर कोण विकत घेणार, ही भीती खरी ठरली. त्या दिवाळीला ऑर्डर निम्म्यावर आल्या. तेव्हा कळलं की मोठे शब्द काढल्यावर पत्रकात आमचं असं काही उरलंच नव्हतं. मग आम्ही जे रोज डोळ्यांनी पाहतो ते लिहायला घेतलं. पाला पहाटे तोडतो आणि त्याच दिवशी निवडतो. तीन पाण्यांतून धुतो, कारण न धुतलेल्या पाल्याची धूळ दाताखाली येते. उन्हात न घालता सावलीत जाळीवर वाळवतो, म्हणून रंग हिरवा राहतो. पावडर तपकिरी दिसली तर घेऊ नका. चव कडवट, पाल्यासारखी आहे. दुधात ती अनेकांना आवडत नाही, थालीपिठाच्या भाजणीत, पिठल्यात किंवा वरणात कळत नाही. चार भाकरींच्या पिठाला एक चमचा पुरतो. शेवटी दोन ओळी ठळक: चालू औषधं बंद करू नका, रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेहाचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं आणि साखरेवरही परिणाम होऊ शकतो.

‘कडवट’ छापू नका, असं सगळे म्हणाले. मी ठाम राहिले. दुधाशी तुलना करणाऱ्या जुन्या पत्रकाच्या काळात पाकीट परत यायचं ते चवीमुळेच. आता ५० ग्रॅमचं छोटं पाकीटही ठेवलं, म्हणजे भाजणीत घालून बघता येतं. वर्षभरात परत येणारी पाकिटं जवळजवळ थांबली आणि तीच घरं पुन्हा मागवायला लागली. एका आजींनी तर आमच्याच पत्रकाखाली मेथीच्या ठेपल्याचं प्रमाण लिहून पाठवलं, ते आम्ही पुढच्या छपाईत घेतलं.

ऑफिसात एक वही आहे. पत्रकातलं प्रत्येक वाक्य डाव्या पानावर, उजव्या पानावर ते कशाच्या जोरावर लिहिलं ते: रिपोर्टचा क्रमांक, बॅच, तारीख किंवा धुण्याचा फोटो. उजवं पान कोरं राहिलं की वाक्य छापायला जात नाही. ‘शुद्ध’ हा शब्द असाच दोनदा परत आला.

यंदाच्या मार्चच्या बॅचचा रिपोर्ट १,९०० नाही, १,७४० आला. पाला जून होता की पाण्याची पाळी चुकली, ते अजून शोधतोय. चमच्याला ८७ होतात. मी आणि दीर दोन संध्याकाळी बसून ९५ वर ८७ ची स्टिकरं लावली, आणि पुढच्या छपाईपासून कोणत्याही बॅचचा सर्वांत कमी आलेला आकडाच पत्रकावर जाणार आहे.