आमची वाटचाल : भोसरीतल्या शेडमधली ती रात्र

व्हिनेगर म्हणजे आंबवलेलं काहीतरी असंच सगळे समजतात, आणि सुरुवातीला माझा पार्टनर सुद्धा तसंच समजायचा, कारण तो वाईनकडून आलेला. त्याचं काम उसाच्या रसाचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, हवा लागत नाही म्हणून टाकी बंद, वर फक्त बुडबुडे जायला एअरलॉक. माझ्या टाकीत मात्र ॲसिटोबॅक्टर नावाचे जीवाणू, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याच अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करतात, गॅस नाही, फक्त पाणी आणि भरपूर उष्णता. म्हणून खालून चोवीस तास ब्लोअर आणि आत थंड पाण्याची कॉइल.

चौथ्या वर्षी जूनमध्ये रात्री वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला वीस मिनिटं लागली. पार्टनरच्या टाकीला काही झालं नाही, एअरलॉक अंधारातही गुडगुडत होता. माझी टाकी ५ टक्के आम्लावर होती, आणि तिथे हवा मिनिटभर थांबली तरी हे जीव मरायला लागतात, जितकं आम्ल जास्त तितकं लवकर. सकाळी ब्लोअर नीट चालू होता पण ३० डिग्रीची टाकी २५ वर आलेली, कॉइल बंद करूनही चढेना. आम्ल मोजायला ब्युरेट लावला, कास्टिक आणि फिनॉल्फ्थॅलिन, आम्ल कालचंच, आणि वास अजून दारूचा. बॅच मेली होती.

त्याच आठवड्यात शेजारच्या शेडवाल्यानं माझ्या हॉटेलवाल्यांना निम्म्या भावात माल दिला. कारखान्यातलं ॲसिटिक ॲसिड पाण्यात मिसळलेलं, आणि लेबलवर 'सिंथेटिक' शब्द शोधून सापडणार नाही इतका बारीक. वर हेही सांगितलं की यांचा माल खराब झालाय. ते मी आजही विसरलो नाही.

वाचवलं सदाशिव पेठेतल्या लोणचंवाल्या काकूंनी. त्या पहिल्यापासून न गाळलेलं व्हिनेगर न्यायच्या आणि बरणीला फडकं बांधून ठेवायच्या, त्यावर जाड साय धरलेली. "घेऊन जा रे, दह्याचं विरजण नाही का मागत आपण?" म्हणाल्या. ते विरजण सरळ टाकीत घालून चालणार नव्हतं, म्हणून आधी छोट्या ड्रममध्ये कमी आम्लात, थोडं अल्कोहोल, हवा हळू. तीन आठवड्यांनी टाकी स्वतःहून तापायला लागली तेव्हा मी शेडमध्येच बसून रडलो.

घरी करणाऱ्यांनो, दारू होईपर्यंत बरणी बंद पण गॅस बाहेर जाईल अशी, नंतर फडकं, घट्ट झाकण कधीच नाही. आणि अल्कोहोल पूर्ण संपू देऊ नका, ते संपलं की हेच जीव ॲसिडच खायला लागतात आणि व्हिनेगर पातळ, बेचव होतं. आम्ही ०.३ टक्के उरलं की एक तृतीयांश काढतो, नवीन आंबवलेला रस हळूहळू सोडतो.

ब्लोअरला आता स्वतंत्र बॅटरी आहे, आणि काकूंचे पाच लिटर आजही न गाळता बाजूला काढतो.