लाइन ‘साफ’ की ‘रिकामी’? पॅकिंगच्या एसओपीचं मराठी करताना

रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यासाठी ब्लिस्टर-कार्टन लाइनच्या एसओपीचं, म्हणजे लेखी कार्यपद्धतीचं, मराठी केलं. बाकी सगळं आठवड्याभरात झालं. लाइन क्लिअरन्सच्या एका पायरीवर मात्र पाच आठवडे अडकलो.

मूळ इंग्रजीत एवढंच होतं की लाइन क्लिअर असल्याची खात्री करा. मी आधी लिहिलं, ‘लाइन साफ असल्याची खात्री करा.’ चूक इथेच झाली. हेल्परने कागद वाचला, कन्व्हेयर पुसला, टेबल पुसलं. मागच्या बॅचचं कार्टन गाइड रेलखाली तसंच राहिलं. पुसणं हे वेगळं काम आहे. क्लिअर म्हणजे आधीच्या बॅचची एक गोळी, एक लीफलेट, छापलेला एक तुकडाही तिथे नाही.

‘रिकामी’ लिहूनही भागलं नाही, कारण बघायचं कुठे हे कागदावर नव्हतंच. म्हणून जागा लिहिल्या: फीडरच्या आत, कन्व्हेयरच्या खाली, कार्टन आणि लीफलेटचे मॅगझिन, कोडिंग मशीनभोवती, रिजेक्ट बिन, कचऱ्याची पिशवी. प्रत्येक जागेपुढे सहीचा चौकोन.

गुणवत्ता बघणाऱ्या क्यूए विभागाने ते परत पाठवलं: मूळ प्रतीत नसलेल्या पायऱ्या भाषांतरात चालणार नाहीत. नियम बरोबर आहे, दोन्ही प्रती तंतोतंत जुळायलाच हव्यात. मग मूळ प्रत सुधारा, तर त्याला चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाची रीतसर मंजुरी, आणि ती फाइल तीन आठवडे एकाच टेबलावर पडून! शेवटी इंग्रजीतच सहा उपपायऱ्या आल्या आणि मराठीत त्याच क्रमांकांनी उतरल्या. तेव्हा भाषांतराआधी इंग्रजी प्रत घेऊन लाइनवर उभे राहा, मोघम वाक्यांवर खुणा करा आणि चेंज कंट्रोल पहिल्याच दिवशी टाका.

‘तपासा’ हा शब्दही जपून वापरा. ऑपरेटरने बघायचं आणि क्यूएच्या माणसाने स्वतः पुन्हा बघून सही करायची, या दोन्हींना ‘तपासा’ लिहिलं की दुसरा माणूस पहिल्याची सही बघून सही करतो. मी ‘ऑपरेटरने पाहावे’ आणि ‘क्यूएने स्वतः पुन्हा पाहून सही करावी’ असं लिहिलं.

‘उरलेली कार्टन परत करा’ हे तर घातकच. बॅच नंबर छापलेली उरली तर मोजून नष्ट करायची. कोरी असतील तीच मोजून स्टोअरला परत जातात. दोन वेगळी वाक्यं हवीत.

आकडे मशीनच्या पडद्यावर दिसतात तसेच, इंग्रजी ठेवा. देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा वाचला जातो. बटणांची नावंही तशीच ठेवा, `RESET` ला मराठी शब्द नको.

‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा बंद लाइनवर, पेनाने क्रमांक घातलेली पाच कोरी पांढरी कार्टन लपवा आणि कागद हातात देऊन शोधायला सांगा. जी जागा सुटते, तिथलं वाक्य पुन्हा लिहा. पाचही परत मोजून घेतल्याशिवाय लाइन सोडू नका.