आमची वाटचाल : एका कटिंगवर सगळे रंग

प्रभादेवीला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा छोटासा गाळा आहे, माणसं मोजकीच, आणि काम म्हणजे फोटोतलं प्रॉडक्ट बॅकग्राउंडपासून कापून, साफ करून कॅटलॉग आणि ऑनलाइन विक्रीसाठी तयार करून देणं. मी आधी लालबागला एका प्रेसमध्ये डीटीपी करायचे, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, गणपतीत मंडळांचे अहवाल, जे येईल ते. स्वतःचं सुरू केलं तेव्हा वाटलं होतं हेच चालू राहील, पण पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं ते धारावीतलं, चामड्याच्या बॅगा बनवणारं, सायन-बांद्रा लिंक रोडला ज्यांची दुकानं आहेत त्यातलंच एक. त्या दादांनी टॅन रंगाची एक बॅग टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ताई बॅग एकच आहे पण रंग सहा आहेत, आणि प्रत्येक रंग पांढऱ्यावर पण पाहिजे, दिवाळीच्या बॅनरवर पण आणि छापील कॅटलॉगात पण.

म्हणजे सहा गुणिले तीन, अठरा इमेज. कटिंगचा रेट पर इमेज ठरलेला, आणि तोही इतका खाली आलेला की अठरा वेळा कड कापत बसलं तर ऑपरेटरचा पगारसुद्धा सुटणार नाही. शिवाय हाताने अठरा वेळा कापलेली कड अठरा प्रकारची येते, हँडलचा वळसा इथे जरा जाड तिथे जरा बारीक, आणि कॅटलॉगच्या पानावर सहा बॅगा ओळीने लावल्या की ते लगेच दिसतं. सहा रंगांच्या खऱ्या बॅगा आणून शूट करू म्हटलं तरी भागत नाही, कारण चामड्याची बॅग मऊ असते, प्रत्येक बॅग टेबलावर आपापल्या पद्धतीने बसते, एकीची कड दुसरीला जुळत नाही. तेव्हा एकच बॅग शूट करायची, एकदाच नीट कापायची आणि बाकी सगळं त्याच कडेवरून काढायचं, हे ठरलं, आणि आमचा धंदा आजही बराचसा त्याच्यावरच चाललाय.

फोटोशॉपमध्ये हे होतं चॅनेलमुळे. तुम्ही काहीतरी सिलेक्ट करता, ती मुंग्यांसारखी पळणारी तुटक रेघ दिसते, आणि Ctrl+D मारून पुढची दोन-चार कामं केली की ते सिलेक्शन गेलं. पण त्याआधी Select > Save Selection मध्ये जाऊन नाव देऊन सेव्ह केलं तर ते चॅनेल म्हणून फाइलमध्येच राहतं. हे चॅनेल म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, एक काळं-पांढरं चित्र, पांढरं म्हणजे सिलेक्ट झालेलं, काळं म्हणजे नाही, आणि मधला राखाडी म्हणजे अर्धवट सिलेक्ट झालेलं. हा राखाडी भागच महत्त्वाचा, कारण चामड्याची कड फोटोत कधीच ब्लेडने कापल्यासारखी नसते, एक-दोन पिक्सेल मऊ असते, आणि तो मऊपणा चॅनेलमध्ये जसाच्या तसा राहतो. नुसता पेन टूलने कडेभोवती काढलेला रेघेचा पाथ सेव्ह केला तर फाइलही हलकी राहते आणि नंतर हलवताही येतो, पण त्याला मऊपणा नाही, म्हणून आम्ही पाथ मारतो आणि त्याच्यावरून चॅनेल बनवतो, फाइलमध्ये दोन्ही ठेवतो.

आता त्या टॅन बॅगेचं सांगते. फोटो आधी सरळ करून, क्रॉप करून 3000 बाय 3000 चा केला. हे आधीच करायचं, का ते पुढे येईलच. मग 200 टक्के झूमवर पेनने पाथ, तोही कडेच्या किंचित आतून, म्हणजे बॅकग्राउंडचा रंग आत येत नाही. दोन हँडलच्या मधली मोकळी जागा त्यातून वजा केली. पाथवरून सिलेक्शन करताना अर्धा पिक्सेल फेदर दिला, म्हणजे कड तेवढी मऊ केली, आणि ‘बॅग’ नावाने सेव्ह केलं. नाव द्यायचंच, नाहीतर Alpha 1, Alpha 2 अशी रांग लागते आणि पंधरा दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत आलं की कुठलं काय ते कोणालाच कळत नाही. मग बक्कल, चेन, रिंगा हे सगळं पितळी सामान वेगळं सिलेक्ट करून ‘मेटल’, आणि शिवणीचा क्रीम धागा दिसत होता तो ‘धागा’.

खरी गंमत ‘चामडं’ या चौथ्या चॅनेलची. ते आम्ही कापलंच नाही. ‘बॅग’च्या थंबनेलवर Ctrl दाबून क्लिक केलं की सिलेक्शन लोड होतं, मग Ctrl+Alt दाबून ‘मेटल’वर क्लिक केलं की त्यातून मेटल वजा, तसंच ‘धागा’ वजा, उरलं ते चामडं, ते सेव्ह केलं. Ctrl+Shift ने बेरीज होते. चामड्याच्या त्या सिलेक्शनवर रंग बदलायचा अॅडजस्टमेंट लेयर टाकला की मास्क आपोआप लागतो, म्हणजे रंग फक्त तेवढ्याच भागावर चढतो, बॅग मरून होते, हिरवी होते, आणि बक्कल पितळीच राहतं. काळ्या रंगाला नुसता ह्यू फिरवून भागत नाही, सॅच्युरेशन उतरवून कर्व्ह्जने खाली आणावं लागतं आणि वरची चमक जपावी लागते. उलटं, म्हणजे काळ्या बॅगेवरून टॅन काढायचं म्हटलं तर सावलीतला सगळा कचरा वर येतो, म्हणून शूटला आम्ही फिकट रंगाचीच बॅग मागतो, आणि सोबत बाकी रंगांच्या चामड्याचे तुकडे. तेही त्याच लाइटखाली शूट करतो, त्याशिवाय मरून नक्की कुठला मरून यावरून फोनवर फोन चालू राहतात.

आमच्याकडे नवीन पोरगा लागला की त्याला मी पहिल्यांदा हेच सांगते, ती पळणारी रेघ बघून सिलेक्शन बरोबर आहे असं धरू नकोस. ती रेघ फक्त अर्ध्यापेक्षा जास्त सिलेक्ट झालेले पिक्सेल दाखवते, त्याच्या खालचं सगळं असूनही दिसत नाही. म्हणून चॅनेलच्या नावावर क्लिक करून तो काळा-पांढरा अख्खा बघायचा. काळ्यात पांढरे ठिपके दिसले तर बॅकग्राउंडची धूळ आत आली, पांढऱ्यात काळी टाचणीएवढी भोकं दिसली तर बॅगेला भोकं पडणार, दोन्ही तिथेच ब्रशने बुजवायची आणि Ctrl+2 मारून परत रंगीत फोटोवर यायचं. मिनिटभराचं काम आहे, पण एका चॅनेलवर अठरा इमेज उभ्या राहणार असतात, तेव्हा एक ठिपका अठरा ठिकाणी जातो.

पांढऱ्या बॅकग्राउंडला जी कड छान दिसते तीच दिवाळीच्या गडद लाल बॅनरवर ठेवली की सभोवती फिकट रेघ दिसते. शूट पांढऱ्यावर झालेलं असतं, कडेच्या राखाडी पिक्सेलमध्ये ते पांढरं मिसळलेलं असतं, पांढऱ्यावर ते लपतं आणि गडदावर उघडं पडतं. यासाठी मूळ चॅनेलला हात लावायचा नाही, त्याची कॉपी काढायची आणि त्या कॉपीवर Filter > Other > Minimum, 1 पिक्सेल. पांढरा भाग चारी बाजूंनी एक पिक्सेल आत येतो, रेघ जाते. हे ‘बॅग गडद’. फक्त बारीक चेनवर हे जपून, चेन मुळातच चार-पाच पिक्सेल जाड असेल तर दोन्हीकडून एक-एक गेला की ती दोऱ्यासारखी दिसायला लागते, तिथे मास्क हाताने सोडवून घ्यावा लागतो.

दुसरा एक प्रकार बाहेरून आलेल्या फाइलींमध्ये नेहमी दिसतो, चामडं आणि मेटल वेगवेगळे कापून दोन लेयर केलेले असतात, आणि दोघांच्या सांध्यावर केसाएवढी रेघ. चॅनेल बरोबर असतो तरी ती येते. सांध्यावरचा पिक्सेल समजा दोघांतही अर्धा-अर्धा आहे, तर वरचा निम्मं झाकतो, खालचा उरलेल्याचं निम्मं, मिळून 75 टक्केच झाकलं जातं आणि 25 टक्के बॅकग्राउंड फटीतून दिसतं. म्हणून आम्ही तुकडे करतच नाही. अख्खी बॅग एका ग्रुपमध्ये, ग्रुपला ‘बॅग’चा मास्क, आणि आत रंगाच्या लेयरला ‘चामडं’चा. फट पडायला जागाच नाही.

आता क्रॉप आधी का, ते. Save Selection मध्ये Document म्हणून एक यादी येते, तिथून दुसऱ्या उघड्या फाइलमध्ये पण चॅनेल पाठवता येतो, पण त्या यादीत फक्त तंतोतंत तेवढ्याच पिक्सेलच्या फाइली दिसतात. 3000 बाय 3000 ची फाइल 3000 बाय 2999 ला ओळखत नाही. आणि साइज जुळली म्हणजे काम झालं असंही नाही, मध्ये कोणीतरी फोटो अर्धा डिग्री फिरवला असेल तरी चॅनेल मुकाट लोड होतो आणि कड सरकलेली असते. ओळखायचं कसं, तर एका बाजूला बॅकग्राउंडची रेघ दिसते आणि समोरच्या बाजूला बॅग कापली गेलेली असते. चारी बाजूंनी रेघ असेल तर कड सैल आहे, एकाच बाजूला असेल तर फोटो सरकलाय. शूटला पण हेच, चमकेसाठी वेगळा लाइट लावून आम्ही दुसरी फ्रेम घेतो, तेव्हा ट्रायपॉडचे पाय जमिनीला टेपने चिकटवलेले असतात आणि बॅगेला कोणी बोट लावायचं नाही.

फाइलीचं वजन वाढतं हे खरं. 3000 बाय 3000 म्हणजे 90 लाख पिक्सेल, साध्या 8 बिट फाइलमध्ये एक चॅनेल उघड्या मापाने 9 एमबीच्या आसपास, आणि फोटोचे स्वतःचे लाल-हिरवा-निळा मिळून 27. पण सपाट काळं-पांढरं असल्यामुळे सेव्ह करताना चॅनेल बराच दबतो. मर्यादा आहे 56 चॅनेलची, रंगांचे धरून, आम्ही कधी तिच्या जवळपासही गेलो नाही. मास्टर नेहमी पीएसडीमध्ये. टिफमध्ये पण चॅनेल राहतात पण सेव्ह करताना Alpha Channels ला टिक हवी, आणि जेपेगमध्ये अजिबात राहत नाहीत, त्यामुळे ‘फाइल आहे आमच्याकडे कापलेली’ म्हणून कोणी व्हॉट्सअॅपवर जेपेग पाठवली की समजायचं, परत कापायचंय. छपाईसाठी डुप्लिकेट काढून सीएमवायके केली तरी चॅनेल तसेच सोबत येतात, कड परत शोधावी लागत नाही.

रेट आम्ही यावरूनच बदलला. पहिल्या इमेजला पूर्ण पैसे, त्यात चॅनेल बनवणं आलं, आणि त्याच बॅगेच्या पुढच्या प्रत्येक रंगाला निम्म्याहून कमी. दादांना आधी पहिल्या इमेजचा आकडा ऐकून जड गेला, पण अठराचा हिशोब कागदावर लिहून दाखवला तेव्हा गप्प बसले आणि पुढच्या सीझनला बेल्ट पण घेऊन आले. आता बरीच गिऱ्हाइकं चॅनेलवाली मास्टर फाइलच मागतात, म्हणजे पुढचे रंग ते घरच्या घरी काढणार. देतो आम्ही, पण तिचे पैसे वेगळे, आणि बिलावर तसं स्पष्ट लिहून.