२/८

परवा रात्री साडेदहाला आत्याचा फॅमिली ग्रुपवर मेसेज आला. फक्त "२/८". बाकी काही नाही, ना नमस्कार ना फुलांचा फोटो. आत्याचं हे जुनंच, पंचवटीत चाळीस वर्षं राहून बोलणं मात्र तारेसारखं, शब्दाला पैसे पडतात जणू. मला आधी वाटलं बँकेचं काहीतरी, मग वाटलं कोणाचा वाढदिवस विसरलो की काय, बायको म्हणाली औषधं असतील, दोन सकाळी आठ संध्याकाळी, म्हटलं एवढी औषधं घ्यायला आत्या काय घोडा आहे का.

न्यू जर्सीच्या दादाने, म्हणजे आत्याच्याच मुलाने, लगेच अंगठा टाकला. आणि तिथेच घोळ झाला. तिकडे महिना आधी लिहितात, त्यामुळे त्याच्यासाठी ही ८ फेब्रुवारी, आपल्यासाठी २ ऑगस्ट. दादा हुशार, त्याने खात्री केली, "२०२७ ना? सोमवार?" आत्या म्हणाली "हो". आता गंमत बघा, २०२७ मध्ये ८ फेब्रुवारीलाही सोमवार आणि २ ऑगस्टलाही सोमवार, मधे बरोबर पंचवीस आठवडे. वार विचारून झालेली खात्री म्हणजे पाण्यात गेली. तो सुट्टी टाकायला निघाला होता.

वाचवलं तिथीने. आत्याने दुसऱ्या दिवशी सकाळी अजून एक शब्द खर्च केला, "सोमवती". सोमवारी आलेली अमावस्या! फेब्रुवारीतली अमावस्या ६ तारखेला शनिवारी आहे, म्हणजे ती नव्हेच. २ ऑगस्टला आषाढ अमावस्या आहे, कुंभाचं पहिलं अमृतस्नान, आणि अमावस्या म्हटली की सूर्यग्रहणही जमू शकतं, तर त्या दिवशी ते खरंच आहे, इजिप्तमध्ये लक्झरजवळ खग्रास, सहा मिनिटांहून जास्त. (हे मी ग्रुपवर टाकलं, कोणी वाचलं नाही.)

आत्याचं म्हणणं एवढंच होतं की घर रामकुंडापासून चालत आहे, गच्चीवर दहा गाद्या मावतात, कोण कोण येतंय ते आत्ता सांगा. रेल्वेचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधीच उघडतं, म्हणजे ३ जूनला, पण आत्याच्या गाद्यांचं आत्तापासून. यातलं एकही वाक्य तिने लिहिलं नव्हतं, फोन केल्यावर कळलं.

दादा वैतागून म्हणाला, "आई, पुढच्या वेळी महिना अक्षरात लिही ना गं." आत्याने थोड्या वेळाने टाकलं "३१/८". दुसऱ्या अमृतस्नानाची तारीख. दादा खूश, कारण एकतिसावा महिना कुठेच नसतो, ही तारीख जगात कुठेही एकच. म्हणाला बघ जमलं ना तुला.

दहा मिनिटांनी तिसऱ्या स्नानाची आली.

"११/९".