ट्यूनर षड्जापुरता

“रोजच्या रियाजाला तानपुऱ्याचं ॲप नेमकं कसं लावायचं? आणि ट्यूनरवर माझा सा हिरवा दिसतो, गंधार मात्र कायम उतरलेला. असं का?”

बहुतेक वेळा गंधार ठीक असतो आणि काटा आपल्या हिशेबानं बरोबर असतो. दोघांची मोजपट्टी वेगळी आहे, एवढंच. पण तिथे पोचण्याआधी षड्ज नीट लागलेला हवा, म्हणून सुरुवात पट्टीपासून.

पट्टी ॲप ठरवून देत नाही. पुरुषांची काळी एक आणि बायकांची काळी चार किंवा पाच हा सरसकट सांगितला जाणारा ठोकताळा. तो सुरुवातीला घ्या आणि मग गळ्याला विचारा. मंद्र पंचम पुटपुटल्यासारखा न होता भरून लागतो का, आणि तार गंधार-मध्यमापर्यंत मान न ताणता जाता येतं का, हे दोन्हीकडून बघायचं. खाली आवाज विरत असेल तर पट्टी एक घर वर, वर गळा आवळत असेल तर एक घर खाली. सकाळी उठल्या उठल्या ही परीक्षा घेऊ नका. तेव्हा आवाज जड असतो, खर्ज फसवा चांगला लागतो आणि पट्टी उगाच खाली ठरते. एकदा ठरली की मूड पाहून रोज बदलूही नये. आवाज फुटायच्या वयातली मुलं तेवढी याला अपवाद.

ॲपमध्ये पट्ट्या इंग्रजी अक्षरांनी दिसतात: पांढरी एक म्हणजे C, काळी एक म्हणजे C#, काळी चार म्हणजे G#, काळी पाच म्हणजे A#. सप्तकही बघून घ्या. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३८.६ हर्ट्‌झचा असतो, आणि त्याच C# वर ॲप सप्तकभर वरचा आवाज देत असेल तर गाणारा नकळत दोन सप्तकांच्या मध्ये लोंबकळतो. ऐकून ओळखायचं: जोडाच्या तारा तुमच्या मध्य षड्जाशी एकजीव व्हायला हव्यात, आणि शेवटची खर्जाची तार तुमच्या खाली, मंद्र षड्जावर वाजायला हवी.

पहिली तार रागाप्रमाणे. पंचम असलेल्या बहुतेक रागांना पंचम, मालकंसाला मध्यम, मारवा किंवा पूरियाला निषाद. रोजचा खर्ज आणि पलटे यांना पंचम पुरे.

आता बारीक पट्टी. ॲपमध्ये सेंटची एक सरकपट्टी असते. एका घरापासून शेजारच्या घरापर्यंत शंभर सेंट. घरी पेटी नसेल तर ती शून्यावर ठेवा आणि विसरून जा. पेटी असेल तर मात्र तिला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण जुन्या पेट्या क्वचितच A4 = 440 या प्रमाणावर असतात. तानपुरा बंद ठेवा, भाता संथ आणि एकसारखा हलवत काळी चार दाबून धरा आणि ट्यूनर बघा. समजा काट्यानं G# च्या वर १५ सेंट दाखवले. मग तानपुऱ्याची सरकपट्टीही +१५ वर न्यायची. ॲपमध्ये सेंटची सोय नसून फक्त A4 बदलता येत असेल, तर ४४० ऐवजी ४४४ करा. हिशेब जवळपास तोच येतो. पेटी एकीकडे आणि तानपुरा दुसरीकडे असेल तर गळा मधे कुठेतरी तडजोड करायला शिकतो, आणि ती सवय पुढे फार चिवट निघते.

आवाज कुठून येतो हेही महत्त्वाचं. काळी चारच्या खर्जाची तार सुमारे १०४ हर्ट्‌झची, काळी एकची त्याहून खाली, सुमारे ६९ची. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून हे स्वर जवळजवळ येतच नाहीत. वरच्या आंसेवरून कान अंदाज बांधतो. छोटा का होईना, वेगळा स्पीकर घ्या. तानपुरा तुमच्या आवाजापेक्षा जरा खालीच असू द्या, म्हणजे त्याला ऐकायला तुम्हाला स्वतःला थोडं आवरावं लागेल. तो मोठा ठेवला की माणूस त्याच्यावर ओरडायला लागतो.

आणि आता गंधार.

ट्यूनर ॲप सप्तकाचे बारा सारखे भाग करतं. पेटीही साधारण तशीच मिळवलेली असते. तानपुरा तसं करत नाही. खर्जाची तार छेडली की तिच्या मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट आंदोलनांचे स्वरही वाजत असतात, आणि यातला पाचपटीचा स्वर हाच गंधार. जवारी चांगली असेल तर तो वेगळा ऐकू येतो. जुनी मंडळी त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कुणी तो लावलेला नसतो, तारेतून तो आपोआप निघतो.

काळी चारला गाणाऱ्या मुलीचा हिशेब मांडू. तिचा षड्ज २०७.६५ हर्ट्‌झ. तारेतून निघणाऱ्या गंधाराशी जुळणारा मध्य गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे २५९.५६. ट्यूनरच्या बारा समान घरांतला गंधार तिच्यासाठी C वर पडतो, २६१.६३ वर. दोघांत फरक दोन हर्ट्‌झचा, म्हणजे १४ सेंट. तिनं तानपुऱ्यात मिसळणारा गंधार लावला की काटा C च्या डावीकडे, उणे १४ च्या आसपास थांबतो आणि रंग लाल होतो. काटा हिरवा करायला ती जरा वर सरकते, आणि तिथेच गंधार तानपुऱ्यातून निसटतो.

हे माझ्या शब्दावर मानू नका. स्पीकरवर तानपुरा चालू ठेवा आणि पेटीवर किंवा एखाद्या कीबोर्डवर C दाबून धरा. कान खर्जाच्या आंसेकडे ठेवलात तर एक हेलकावा ऐकू येईल, सेकंदाला साधारण चार वेळा. तारेतला गंधार वरच्या सप्तकात ५१९ हर्ट्‌झवर असतो, पेटीच्या C मधला तिथला अंश ५२३ वर. चारचा फरक, म्हणून चार हेलकावे. पेटी बंद करा, तोच स्वर आकारात गळ्यानं धरा आणि अगदी हळू खाली या. हेलकावा संथ होत जातो आणि एका जागी थांबतो. आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो, ताकद लावलेली नसतानाही. तो गंधार.

पहिल्याच बैठकीत हेलकावा ऐकू येईल असं नाही. त्यासाठी आवाज सरळ हवा, कंप नको. आकार जमत नसेल तर तोंड मिटून गुंजन करून बघा, बऱ्याच जणांना त्यात लवकर सापडतो.

म्हणून मी शिकवताना ट्यूनर फक्त सा पाहायला वापरू देते, आणि फार तर पंचमाला. पंचमात दोन्ही मोजपट्ट्यांचा फरक दोन सेंटचाच आहे, म्हणजे काटा तिथे खोटं बोलत नाही. शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद यांनाही तो गंधारासारखाच चढवायला बघतो. कोमल गंधाराला उलट. साध्या हिशेबानं कोमल गंधार ट्यूनरच्या घरापेक्षा १६ सेंट वर यायला हवा, पण दरबारीचा आंदोलित कोमल गंधार त्या घराच्याही खाली घेतला जातो. तो काट्यानं शोधायला निघालात तर सापडणार नाही; तो गुरूच्या तोंडून ऐकूनच घ्यावा लागतो. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती, त्यामागचा एक आक्षेप याच ठरीव घरांवर होता. बंदी मला टोकाची वाटते, पण आक्षेप पोकळ नव्हता.

ट्यूनर आणि तानपुरा एकत्र चालवताना एक घोळ हमखास होतो. माइक तुमच्याऐवजी तानपुराच ऐकतो आणि काटा आरामात हिरवा राहतो. तपासायला सोपं आहे: गाणं थांबवा. तुम्ही गप्प असतानाही काटा सा-प दाखवत असेल तर मघापासून तो तुमचं काही मोजतच नव्हता. अशा वेळी तानपुरा इअरफोनवर एका कानात घ्या, दुसरा कान मोकळा ठेवा. दोन्ही कान झाकले की आपला आवाज हाडांतून घुमतो आणि सूर कुठे लागतोय हे नीट कळत नाही. इअरफोन ब्लूटूथचे असतील तर ट्यूनरनं माइक उघडताच कधीकधी फोन कॉलच्या पद्धतीवर जातो आणि तानपुरा एकदम पत्र्यासारखा चिरका होतो. वायरवाला इअरफोन किंवा दुसरा फोन घेतला की ही अडचण राहत नाही.

ट्यूनरचा खरा उपयोग मला रियाजाच्या मध्ये दिसतो. दहा-पंधरा मिनिटं आलाप झाला की तानपुरा बंद करा, फोन पालथा घाला आणि एक-दोन मिनिटं त्याच रागात पुढे गात राहा. मग सा लावा, पाच-सहा सेकंद धरून ठेवा आणि तो धरलेला असतानाच फोन उलटा करून काटा बघा. आधी काट्याकडे बघून सा लावलात तर डोळे गळ्याला ओढून नेतात आणि तपासणीला अर्थ उरत नाही. बारीक पट्टी बदलली असेल तर तेवढे सेंट धरून वाचायचं: पेटीसाठी +१५ केलं असेल तर तुमचा सा +१५ वरच दिसायला हवा. दहा सेंटच्या आतली हालचाल सोडून द्या, माणसाचा आवाज तेवढा हलतोच. वीस-पंचवीस सेंट उतरला असेल, आणि रोज उतरत असेल, तर मधल्या भागाचं ध्वनिमुद्रण ऐका. बहुतेकदा तार सप्तकातून परत येताना एखादा स्वर कमी लागतो आणि तिथून पुढचं सगळं त्याच्यामागे खाली येतं. तो स्वर सापडला की दुसऱ्या दिवशी तेवढाच टप्पा तानपुऱ्यावर, सावकाश, अवरोहात घ्यायचा.