गोळी सुरू झाल्यानंतरचे पहिले आठवडे: ओपीडीतला माझा अनुभव

बेळगाव भागात मी किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर उपचार करतो. फ्लुओक्सेटिन सुरू करताना आई-वडील हमखास विचारतात, "गुण कधी येईल?" मन हलकं व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, काही मुलांमध्ये एक वेगळीच बेचैनी उठते. ती वेळीच ओळखता आली पाहिजे, म्हणून एक केस तपशिलात सांगतो. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

खानापूर तालुक्यातली, एसएसएलसीला बसलेली पंधरा वर्षांची मुलगी. सकाळी नाश्त्यानंतर 10 मिलिग्रॅमने सुरुवात केली आणि आठव्या दिवशी 20 केले. अकराव्या दिवशी आईचा फोन आला, "डॉक्टर, पोरगी एका जागी बसंनाच बघा. रात्री परड्यात येरझाऱ्या घालते, बोलायला गेलं की अंगावर येते." घरच्यांना वाटलं होतं की परीक्षेचं टेन्शन असेल. आजीला तर पोरीच्या अंगात शक्ती आली असंच वाटलं.

अशा वेळी माझ्या डोक्यात तीन शक्यता असतात. गोळीमुळे आलेली बेचैनी, मूळ आजार बळावणं आणि उन्मादाची सुरुवात. फरक झोपेवरून बराच कळतो. उन्मादात मूल तीन तास झोपून सकाळी टवटवीत असतं, भराभर बोलतं, मोठमोठे बेत सांगतं. घरात आधी कुणाला उन्माद झाला असेल तर ही शंका वाढते, म्हणून ते गोळी सुरू करण्याआधीच विचारून ठेवतो. बेचैनीत झोप नाही म्हणून मूल दमलेलं असतं, तरी बसवत नाही. ही मुलगी म्हणाली, "बसलं की आतून कुणीतरी ढकलतंय." शिवाय हे सगळं डोस वाढवल्यानंतर तीन दिवसांत उठलं होतं. वेळेचा हा मेळ मोठा पुरावा असतो, म्हणूनच आई-वडिलांना वहीत रोज एक ओळ लिहायला सांगतो: डोस, झोपेचे तास, चिडचिड, बसवतं की नाही.

त्याच दिवशी तिला बोलावलं आणि आईला बाहेर बसवून थेट विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलं आहेस का?" विचारल्याने हा विचार मुलांच्या डोक्यात भरत नाही. विचार येतो, पण ठरवलेलं काही नाही, असं ती म्हणाली. डॉक्टरांना मराठी येत नसेल आणि मुलीला कन्नड, तर हा प्रश्न घरच्या माणसाकरवी विचारू नये. मराठी येणारी नर्स किंवा समुपदेशक बोलवावा. आईच्या तोंडून विचारलं की उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येतं.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2004 मध्ये अशा गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला. मुलांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन गोळी घेणाऱ्यांत सुमारे 4 टक्के आणि नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत 2 टक्के आढळलं. एकही आत्महत्या झाली नव्हती. त्यामुळे मी गोळी टाळत नाही, पण पहिले चार आठवडे दर आठवड्याला पाहतो. गावाहून दरवेळी येणं जमत नसेल, तर मध्ये फोन ठरवतो. मात्र फोनवर आईशी बोलून भागत नाही, मुलीशी वेगळं बोलावं लागतं.

डोस परत 10 वर आणला. इथे घरचे बऱ्याचदा फसतात: फ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश जातं, त्याचा परिणाम आठवडाभराहून जास्त टिकतो. कमी केल्याच्या दुसऱ्याच दिवशी फरक दिसत नाही, म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही आणि घाबरून सगळं बंदही करायचं नाही. तोवर मुलीला रात्री एकटं ठेवायचं नाही. उसाच्या फवारणीचं औषध आणि तणनाशक कुलपात, किल्ली वडिलांच्या खिशात. गोळ्यांची पाकिटं आईकडे, रोज एकच गोळी हातात. ऊस-तंबाखूच्या पट्ट्यात हे कुलूप मी पहिल्याच भेटीत लावायला सांगतो. खोकल्याचं औषध मेडिकलमधून परस्पर आणू नये. त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर या गोळीबरोबर ताप, थरथर, गोंधळ होऊ शकतो.

दहा दिवसांत तिच्या येरझाऱ्या थांबल्या. पाचव्या आठवड्यात ती स्वतःहून मैत्रिणीकडे गेली, तेव्हा वडिलांनी 20 मिलिग्रॅमची मागणी केली. 10 वर गुण येत असताना वाढवायची गरज नव्हती. पुढे वाढवावीच लागली, तर पुन्हा पहिल्या आठवड्यापासूनच लक्ष ठेवायचं, कारण प्रत्येक वाढीनंतर तीच बेचैनी परतू शकते. मुलाने मरायचं कसं ते ठरवलं असेल किंवा वस्तू वाटून टाकायला लागलं असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याला एकटं न सोडता जिल्हा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आणा. निघायला उशीर लागत असेल तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, तिथे चोवीस तास बोलता येतं.